मदत हवी आहे: एकच भाषण, दोन ठिकाणी. कोणत्या स्लाइड काढू?

धूमकेतू_१२
२० मिनिटांचं भाषण तयार आहे, २२ स्लाइड. परवा तज्ज्ञांसमोर, त्यानंतर सामान्य लोकांसमोर. दोन्हीकडे तेच वापरायचंय. काय कापू, काय ठेवू? लवकर सांगा.

रानवारा
विषय कोणता ते तर सांगा!

मीमराठी
फॉन्ट ३० च्या खाली नको आणि स्लाइडवर सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर नको. बाकी आपोआप जमतं.

धूमकेतू_१२
फॉन्टचं विचारलं नव्हतं. विषय बाह्यग्रहाचं अधिक्रमण, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह त्या ताऱ्यासमोरून जातो ते. टेस दुर्बिणीचा डेटा आहे, ताऱ्याचा प्रकाश ठरावीक दिवसांनी १% कमी होतो, त्यावरून ग्रहाची त्रिज्या काढली.

अवकाशवेडा
सामान्यांसाठी सगळे आलेख काढून टाका. चित्रकाराने काढलेलं ग्रहाचं रंगीत चित्र लावा, आकडे शून्य. लोकांना आकडे नको असतात.

ध्रुवमत्स्य
आकड्यांची गर्दी नको हे बरोबर, पण आलेख काढू नका. ते चित्र बघून लोक ग्रहाचा फोटोच मिळाला असं समजतात आणि पहिला प्रश्न रंगावर येतो. तुमच्याकडे पुरावा एकच आहे, तो प्रकाशाचा खळगा. तो दोन्हीकडे राहिलाच पाहिजे. सामान्यांसमोर आधी रिकामे अक्ष दाखवा: आडवा वेळ, उभा प्रकाश. मग रेघ, आणि शेवटी खळगा. एक मिनिट जाईल, जाऊ द्या.

आकडा एकच ठेवा, १%. इथेच घोटाळा होतो. प्रकाश १% कमी झाला म्हणजे ग्रह ताऱ्याच्या १% आकाराचा, असं श्रोते धरून चालतात. झाकलं जातं ते क्षेत्रफळ, म्हणून व्यास दहावा भाग निघतो. सूर्यासमोरून गुरू गेला तर साधारण एवढंच घडेल. यावर तीन मिनिटं द्या. तज्ज्ञांसमोर याला एक वाक्यही जास्त.

अवकाशवेडा
त्यापेक्षा दिव्यासमोर डास म्हणा, लगेच कळतं.

ध्रुवमत्स्य
तीच उपमा अडचणीत आणते. डास डोळ्याजवळ आला की अख्खा दिवा झाकतो, मग लोक विचारतात की ग्रह आपल्या जवळ असेल तर? तारा आणि ग्रह दोन्ही आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, म्हणून फक्त आकारांचं गुणोत्तर उरतं. २० सेंमी व्यासाची पांढरी चकती फळ्यावर लावा आणि तिच्यावरच २ सेंमीची काळी चिकटवा. अंतराचा प्रश्नच येत नाही.

रानवारा
"तज्ज्ञ" म्हणजे नक्की कोण? बाह्यग्रहांवर काम करणारे की विभागातले सगळे?

धूमकेतू_१२
विभागातले सगळे. दीर्घिकावाले आहेत, प्लाझ्मावाले पण.

ध्रुवमत्स्य
हे आधी सांगायला हवं होतं. मग पद्धतीची एक स्लाइड तिथेही लागेल, फक्त चकत्या नकोत. तुमची पहिली शंका तेच काढतील: टेसचा पिक्सेल साधारण २१ विकलांचा, मग शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश मिसळला नाही कशावरून? तो मिसळला की खळगा उथळ दिसतो आणि ग्रह खरा आहे त्यापेक्षा लहान निघतो. ही दुरुस्ती कशी केली ते ठेवा. मॉडेलच्या सगळ्या पॅरामीटरांचा तो भलामोठा त्रिकोणी आलेख मात्र शेवटी, प्रश्नांसाठी राखून ठेवा.

जलधर
माझं भाषण भूजलावर आहे, तिथेही हीच चकती चालेल का?

रानवारा
जलधर, वेगळा धागा काढा.
धूमकेतू, जोडताऱ्यांचा भाग सामान्यांसाठी कापा. डोक्यावरून जाईल.

ध्रुवमत्स्य
असहमत. "हा ग्रहच कशावरून?" हे सामान्य माणूसही विचारतो. एकमेकांना झाकणारे दोन तारेही असाच खळगा देतात. पण तारे सहसा तंतोतंत सारखे नसतात, म्हणून एकाआड एक खळगे कमी-जास्त खोल येतात. तुमचे सम आणि विषम खळगे शेजारी ठेवून दाखवा, "सारखेच आहेत" एवढं म्हणा. एका तपासणीने सगळं सिद्ध होत नाही, तेही सांगा. ताऱ्याच्या कडा अंधुक असल्यामुळे खळग्याचा तळ गोलसर येतो, तो भाग कापा. कुणी विचारलं तरच.

धूमकेतू_१२
आणि त्रुटी? ताऱ्याची त्रिज्या ५% इकडेतिकडे आहे.

ध्रुवमत्स्य
ती जशीच्या तशी ग्रहाच्या त्रिज्येत उतरते. खळग्याच्या खोलीतली ५% त्रुटी मात्र वर्गमुळामुळे अडीचवर येते. तज्ज्ञांसमोर दोन्ही वेगळ्या दाखवा. सामान्यांना "ताऱ्याचा आकार जितका पक्का, तितकाच ग्रहाचा" हे वाक्य पुरे.

रानवारा
मी तर ± चिन्हसुद्धा ठेवेन. एकदा समजावलं की लोकांना कळतं.

ध्रुवमत्स्य
३० मिनिटं मिळाली तर ठेवा. २० मध्ये चकत्या आणि ± दोन्ही बसत नाहीत.

रानवारा
मग चकत्या दीड मिनिटात उरका. त्रुटी न सांगता त्रिज्या सांगणं मला पटत नाही.

अवकाशवेडा
घरच्या आठ इंची दुर्बिणीतून असा खळगा टिपता येतो का?

धूमकेतू_१२
सामान्यांसमोर किती वेळ आहे ते मी अजून विचारलेलंच नाही. उद्या विचारून सांगतो.