मदत हवी आहे: सहा अंड्यांचं पांढरं, भाज्या आणि दही, तरी तीन आठवडे काटा हलत नाही

सिंहगडपायथा
नमस्कार मंडळी. वय २९, वजन ७८ किलो. कटिंग सुरू करून दोन महिने झाले. पहिल्या पाच आठवड्यांत तीन किलो उतरले आणि आता तीन आठवडे काटा तिथेच आहे. दुपारचं जेवण डब्याचं असतं आणि तो डबा मोजून भरलेला असतो, त्यामुळे संशय रात्रीच्या जेवणावर आहे. जिमहून आल्यावर रोज हेच खातो:

सहा अंड्यांचं पांढरं, कोबी, ढोबळी मिरची, कांदा, टोमॅटो मिळून साधारण २५० ग्रॅम, एक चमचा तेल, आणि वर एक वाटी घरचं दही (२०० ग्रॅम, हे वजन केलेलं आहे).

अ‍ॅपमध्ये हे ३२० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं दाखवतं. मला ३५० च्या आत ४० ग्रॅम प्रथिनं हवी आहेत, म्हणजे हिशेब बरोबर बसतोय. पण रात्री अकराला पुन्हा भूक लागते. शिवाय ऑम्लेटला इतकं पाणी सुटतं की ते उलटताच येत नाही, शेवटी भुर्जीच होते. कुठे चुकतंय? अचूक प्रमाण कोणी सांगेल का?

रांगडा_गडी
भावा, पिवळा बलक का टाकतोस? अंड्यातलं जवळजवळ निम्मं प्रथिन बलकात असतं. सरळ सहा अख्खी अंडी खा, भूकही लागणार नाही. मी वर्षभर तेच खातोय आणि ताकद वाढली आहे.

माजघर
रांगडा_गडी, बलकात प्रथिन असतं हे खरं आहे, एका अंड्याच्या सहा ग्रॅमपैकी अडीच-पावणेतीन ग्रॅम तिथलंच. पण त्याबरोबर पंचावन्नच्या आसपास कॅलरी येतात. वीस ग्रॅम प्रथिन पांढऱ्यातून घेतलं तर शंभरेक कॅलरी लागतात. तेवढंच अख्ख्या अंड्यांतून घ्यायचं तर सव्वादोनशेच्या पुढे. तुम्ही वजन वाढवत असाल तर तुमचं बरोबर आहे, ते उतरवत आहेत.

सिंहगडपायथा, आधी दोन गोष्टी सांगा. दही कुठल्या दुधाचं लावता? आणि अ‍ॅपमध्ये दह्यासाठी नेमकं काय निवडलं आहे?

सिंहगडपायथा
दूध फुल क्रीम पिशवीचं, पण आई साय काढते. अ‍ॅपमध्ये घरचं दही सापडलं नाही, म्हणून ग्रीक योगर्ट, फॅटविरहित असं निवडलं.

माजघर
मग चूक तिथेच आहे. त्या दह्यात शंभर ग्रॅममागे दहा ग्रॅम प्रथिन असतं, कारण ते गाळून घट्ट केलेलं असतं. आपल्या घरच्या दह्यात साडेतीन. म्हणजे तुम्ही वीस लिहिता आणि पोटात सात जातात. फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट असतं. वरची साय काढली तरी फॅट पूर्ण जात नाही. त्या २०० ग्रॅम दह्याच्या पावणेदोनशे कॅलरी धरा, अ‍ॅप ११८ धरतं.

अंड्यांचंही तसंच. अ‍ॅपमधलं मोठं अंडं ३३ ग्रॅम पांढऱ्याचं असतं. आपल्याकडच्या दुकानातल्या अंड्याचं पांढरं मी मोजते तेव्हा बहुतेक २८-२९ भरतं. सहांचे झाले १७० ग्रॅम, म्हणजे साडेअठरा ग्रॅम प्रथिन.

राहिलं तेल. आज स्वयंपाकाआधी तेलाची बाटली काट्यावर ठेवा, ओतल्यावर पुन्हा ठेवा. जो फरक येईल तेवढं तेल. एका ग्रॅमला ९ कॅलरी.

सिंहगडपायथा
आत्ताच करून पाहिलं. १२ ग्रॅम! मी ४० कॅलरी लिहीत होतो.

माजघर
म्हणजे तेलाच्या १०८. आता बेरीज करा: पांढरं ८८, दही १७५, भाज्या ७०, तेल १०८. एकूण ४४० च्या वर कॅलरी आणि प्रथिन जेमतेम साडेअठ्ठावीस. रात्रीची भूक मला तरी यातूनच येताना दिसते.

माझं ताट असं आहे, सगळं कच्चं असताना मोजलेलं. पांढरं २०० ग्रॅम (सात अंडी लागतात), त्यात एक अख्खं अंडं, नाहीतर चव रबरासारखी होते. भाज्या २५०: कोबी १००, ढोबळी मिरची ६०, टोमॅटो ५०, कांदा ४०. तेल ३ ग्रॅम, नॉनस्टिक तव्यावर पुरतं. आणि फॅट काढलेल्या दुधाचं ३०० ग्रॅम दही पंच्यात बांधून फ्रिजमध्ये टांगायचं, सकाळी टांगलं की रात्री साधारण १५० ग्रॅम चक्का मिळतो. निवळीबरोबर थोडं प्रथिन जातं, तरी नऊ ग्रॅम उरतं आणि कॅलरी ८० च्या आसपास. पूर्ण ताट ३४५ कॅलरी, ४० ग्रॅम प्रथिन.

पाणी सुटतं त्याचं कारण कोबी आणि टोमॅटो. कांदा, कोबी, मिरची मीठ घालून मोठ्या आचेवर परता, तव्यात पाणी दिसेनासं होईपर्यंत. मग आच मंद करून पांढरं ओता, झाकण ठेवा, चार मिनिटं. टोमॅटो वरून कच्चाच. मोठ्या आचेवर पांढरं घट्ट होतं आणि त्यातून स्वतःचं पाणी सुटतं, म्हणून उलटायची घाई नको. चक्का ताटात घ्या, गरम तव्यात घातला तर फुटतो.

कोकणकडा८
मी हेच ताट बाबांना देऊ का? वय ६४, वजन जास्त आहे, आणि मागच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं आलं. त्यांना अंडी आवडतात.

माजघर
नका देऊ, निदान इथे वाचून तरी नको. किडनीचा प्रश्न असेल तर प्रथिन किती घ्यायचं हे त्यांचे डॉक्टर ठरवतात, आणि बऱ्याचदा ते कमीच करायला सांगतात. त्यांना रिपोर्ट दाखवून विचारा.

रांगडा_गडी
पटलं, माझं बल्किंग आहे हे मी लिहायला हवं होतं. पण पांढरं कच्चंच पिऊन टाकलं तर तेलही वाचेल की? आमच्या तालमीत पितात.

माजघर
कच्च्या पांढऱ्यातलं प्रथिन शरीराला निम्म्याच्या आसपासच वापरता येतं, शिजवल्यावर नव्वद टक्के. तीन ग्रॅम तेलाच्या २७ कॅलरी वाचवायला एवढं गमावू नये. साल्मोनेलाची भीती वेगळीच.

सिंहगडपायथा
फार मदत झाली. डबल टोन्ड दूध (१.५ टक्के फॅट) इथे सहज मिळतं, पूर्ण फॅट काढलेलं मिळत नाही. चालेल का? आणि रोजचे सात बलक उरतील त्यांचं काय करू? आईला टाकवत नाहीत.

माजघर
डबल टोन्ड चालेल, तीसेक कॅलरी वाढतील, तेल २ ग्रॅमवर आणा आणि कांदा थोडा कमी करा, तरी ताट ३५० च्या थोडं वर जाईल. बलकांचं मलाही नीट उत्तर सापडलेलं नाही. मी दोन दिवस फ्रिजमध्ये पाण्यात बुडवून ठेवते आणि धाकट्याच्या शिऱ्यात वापरते. दुसरं कोणी काय करतं?