शब्दचर्चा: ‘ओव्हरस्कॅन’ला मराठीत काय म्हणायचं? (आणि तो ‘बंद’ केल्यावर कडा जास्त का कापल्या गेल्या?)

माळावरची
गावच्या वाचनालयात एक जुना 21 इंची टीव्ही पडून होता, मागून पोट सुटलेला, काचेच्या नळीचा. त्याला रास्पबेरी पाय 3 जोडून मुलांसाठी संगणक केलाय. वायर साधीच: एका टोकाला हेडफोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला पिवळी-लाल-पांढरी. चित्र आलं, पण वरची मेन्यूची पट्टी अर्धी टीव्हीच्या चौकटीत गेली. डावीकडच्या आयकॉनांची पहिली अक्षरंही दिसत नव्हती.

ग्रंथपाल काकांसाठी मी मराठीत एक पानी टिपण लिहिलं. त्यात एक ओळ होती: “ओव्हरस्कॅन बंद करा.” त्याखाली `config.txt` मध्ये घालायची ओळ:

```
disable_overscan=1
```

काकांनी लिहिल्याप्रमाणे केलं आणि मला फोन: “अगं, बंद केल्यावर तर पट्टी सगळीच गेली. आधी निदान अर्धी होती.”

म्हणजे मी शब्द चुकीचा लावला की ओळ चुकीची दिली? आणि याला मराठीत नीट शब्द आहे का?

सरळमार्गी
शब्द राहू द्या, उपाय सांगतो. टीव्हीच्या रिमोटवर पिक्चरच्या मेन्यूत जा. तिथे ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असतं, ते निवडा. कडा लगेच दिसतात. माझ्याकडे तसंच केलं, पायला हातही लावला नाही.

माळावरची
दादा, या टीव्हीच्या मेन्यूत ब्राइटनेस, कलर, कॉन्ट्रास्ट आणि झोपेचा टायमर एवढंच आहे.

पिक्चरट्यूब
सरळमार्गींचं बरोबर आहे, पण सपाट टीव्हीपुरतं. त्यात प्रत्येक ठिपक्याची जागा ठरलेली असते. कडा कापायच्या की नाही हे तिथे टीव्हीच्या आतला प्रोग्राम ठरवतो, म्हणून मेन्यूत पर्याय मिळतो. नळीच्या टीव्हीत चित्र किरण फिरवून काढलं जातं, आणि किरण काचेच्या दिसणाऱ्या भागाच्या थोडा बाहेरपर्यंत मुद्दाम फिरवतात.

मुद्दाम का, ते सांगतो. मी बरीच वर्षं टीव्ही दुरुस्त केले. व्होल्टेज खाली आलं, किंवा पडद्यावर एकदम पांढराशुभ्र सीन आला, की चित्राचा आकार बदलतो. कधी आक्रसतं, कधी फुगतं. आम्ही म्हणायचो “पिक्चर श्वास घेतंय”. चित्र काचेला बरोबर टेकेल असं लावलं, तर संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागले की चारी बाजूंनी काळी पट्टी दिसणार आणि गिऱ्हाईक सेट घेऊन दुकानात येणार. म्हणून कंपनीतूनच चित्र थोडं मोठं लावून यायचं. दर बाजूला साधारण 5 टक्के आत गेलं तरी कुणाची तक्रार नसायची. बातम्यांची पट्टी कडेला चिकटवत नाहीत तेही याचसाठी.

आता तुमच्या ओळीकडे. टीव्ही कडा कापतो, हे पायला कळायचा मार्गच नाही. त्या पिवळ्या वायरीतून सगळं एकाच दिशेनं जातं. म्हणून पाय आपण होऊन चित्र थोडं लहान करतो आणि भोवती काळी पट्टी सोडतो. `disable_overscan=1` नं टीव्हीचं कापणं थांबत नाही, पायनं सोडलेली ती पट्टी जाते. काकांनी पट्टी काढली, चित्र वाढलं आणि वाढलेलं सगळं चौकटीत गेलं.

रिकामटेकडा
माझाही हाच त्रास. सातबारा स्कॅन केला की डावीकडचा गट नंबर अर्धा कापला जातो. 300 वर ठेवलं तरी तसंच.

माळावरची
तुमचा स्कॅनर कागदाचा. इथे टीव्हीचं चाललंय. 🙂

रिकामटेकडा
असं होय. पण शब्द तर एकच आहे ना? मग गोंधळ होणारच की.

कोशकिडा
रिकामटेकड्यांनी वाट चुकून का होईना, नेमकं बोट ठेवलं. ‘स्कॅन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झेरॉक्सचं दुकान येतं. टीव्हीतल्या स्कॅनला पुस्तकी मराठी-हिंदीत ‘क्रमवीक्षण’ म्हणतात. त्याला ‘अति’ जोडला की ‘अतिक्रमवीक्षण’. व्याकरण शाबूत आहे, पण काका ते वाचून अतिक्रमण हटवायला निघतील.

त्याहून मोठी अडचण अशी की इथे एकाच शब्दाखाली दोन उलट क्रिया आहेत. टीव्ही कडा कापतो, तो ओव्हरस्कॅन. ते भरून काढायला पाय पट्टी सोडतो, त्या सेटिंगचं नावही ओव्हरस्कॅनच. रोगाला आणि औषधाला एकच नाव. “ओव्हरस्कॅन बंद करा” हे वाचून काकांना वाटलं रोग बंद होईल, प्रत्यक्षात औषध बंद झालं. बनवणाऱ्यांनाही हे खटकलं असावं. `raspi-config` मध्ये या पर्यायाचं नाव आधी `Overscan` होतं, पुढे ते `Underscan` झालं.

माझं मत: मराठीत दोन क्रियांना दोन शब्द हवेत. टीव्हीच्या क्रियेला ‘कडा खाणे’. पायच्या क्रियेला ‘माया सोडणे’. शिंपी शिवणीत जाणारं जास्तीचं कापड सोडतो, ती माया. कापड किती आत जाणार हे त्याला आधीच माहीत असतं, म्हणून तो कापतानाच तेवढं मोठं कापतो.

पिक्चरट्यूब
माया ऐकायला गोड आहे, पण इथे उलटं होतंय. शिंपी कापड मोठं कापतो, पाय चित्र लहान करतो.

कोशकिडा
कापड म्हणजे पूर्ण 720 बाय 576 ठिपके. त्यातला कडेचा भाग शिवणीत जाणार, म्हणून नक्षी आत काढायची. नक्षी लहान झाली, कापड तेवढंच राहिलं. पण तुम्हाला हे समजवायला मला तीन वाक्यं लागली, म्हणजे काकांसाठी शब्द अवघडच म्हणायचा. मान्य.

माळावरची
मग ‘समास’? वहीत आपण समास सोडतोच. काका निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना वेगळं समजवायला नको.

पिक्चरट्यूब
हे पटलं. आणि समास चारी बाजूंना सारखा नसतो, तेही इथे जुळतं. नळीचं चित्र अगदी मधोमध क्वचितच असतं. बाईंनी एक करावं. ‘बंद’वाली ओळ काढून टाकावी आणि चारी आकडे स्वतः द्यावेत. जिथे अक्षरं चौकटीत जातात तिथला आकडा वाढवायचा, जिथे काळी पट्टी दिसते तिथला कमी करायचा. एका वेळी 8 नं बदलावा, पाय पुन्हा सुरू करून बघावं. आणि आधी टीव्ही अर्धा तास चालू ठेवावा. थंड सेटवर लावलेले आकडे गरम झाल्यावर चुकू शकतात.

टीव्ही उघडून आतली हाइट-विड्थ फिरवायच्या फंदात कुणी पडू नये. रंगीत नळीवर 20 हजार व्होल्टच्या वर दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तो तिथे राहतो.

फिरस्ता
माझ्याकडे तर हा ओव्हरस्कॅन बदलतच नाही. पाय 4, त्यातून एचडीएमआय, पुढे तो छोटा पांढरा ॲडॉप्टर आणि तिथून पिवळी पिन टीव्हीला. `overscan_left` 10 केला, 100 केला, ढिम्म हलत नाही. आधी चित्र वर-वर सरकत होतं आणि काळंपांढरं दिसत होतं. ॲडॉप्टरच्या बाजूची कळ एनटीएससीवरून पॅलवर सरकवली तेव्हा ठीक झालं.

पिक्चरट्यूब
कळ ओळखलीत ते छान. आपल्याकडचे जुने सेट पॅलचे. पण तुमची गोष्ट वेगळी आहे. बाईंचा पाय थेट टीव्हीचा सिग्नल देतो. तुमच्या पायला वाटतं की पुढे एक सपाट मॉनिटर आहे, आणि ती डबी आलेलं मोठं चित्र 576 ओळींत कोंबते. शिवाय तुमच्याकडे नवी सिस्टीम दिसते. तिचा नवा ड्रायव्हर `overscan_` च्या ओळींकडे बघत नाही. समास `cmdline.txt` मध्ये द्यावा लागतो. त्या फाइलमध्ये सगळं एकाच ओळीत असतं, म्हणून एंटर न मारता शेवटी एक जागा सोडून हे जोडा:

```
video=HDMI-A-1:1280x720@60,margin_left=64,margin_right=64,margin_top=36,margin_bottom=36
```

हे दर बाजूला 5 टक्के झालं. चित्रासाठी 1152 बाय 648 उरतात. पुढे डोळ्यांनी बघून कमी-जास्त करा. रुंद चित्र चौकोनी टीव्हीवर गेल्यानं माणसं उंच दिसतील, त्याला समासाचा इलाज नाही.

कोशकिडा
बघा, नव्या ओळीत शब्दच `margin` आहे. समासाला घरचा पाठिंबा मिळाला.

फिरस्ता
चाललं! डावीकडे 48 पुरले. अक्षरं मात्र मुंगीएवढी दिसतात.

सरळमार्गी
एक विचारू? बाईंच्या वायरीनं चित्र पहिल्या झटक्यात कसं आलं? माझ्याकडे जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याची अगदी तशीच वायर आहे. पिवळी पिन पिवळ्या भोकात घातली तर पडदा निळाच राहिला.

पिक्चरट्यूब
दिसायला तशीच असते. पायच्या जॅकमध्ये टोकाला डावा आवाज, मग उजवा, मग अर्थिंग, आणि बुडाशी चित्र असा क्रम आहे. कॅमेऱ्याच्या पुष्कळ वायरींत बुडाशी उजवा आवाज असतो. तुमची लाल पिन टीव्हीच्या पिवळ्या भोकात घालून बघा. तरीही काही नाही आलं तर मीटर लावा. पिनेच्या टोकाकडून तिसरा पट्टा आणि पिवळ्या पिनेची बाहेरची धातूची कड यांत बीप यायला हवा. नाही आला तर अर्थिंग दुसऱ्याच पट्ट्यावर आहे. मग ती वायर इथे चालणार नाही.

सरळमार्गी
लाल पिवळ्यात घातली. आलं चित्र! आवाज फक्त एका बाजूनं येतोय, पण चालेल.

माळावरची
काल वाचनालयात जाऊन लावलं. पॅलसकट टिपणातला नवा मजकूर असा: “हा टीव्ही चित्राच्या कडा खातो. म्हणून पायला चारी बाजूंना समास सोडायला सांगा. अक्षर कापलं गेलं तर त्या बाजूचा समास वाढवा. काळी पट्टी दिसली तर कमी करा.” त्याखाली:

```
sdtv_mode=2
overscan_left=20
overscan_right=28
overscan_top=16
overscan_bottom=20
```

आमचा पाय जुन्या सिस्टीमवर आहे, म्हणून या ओळी चालल्या. उजवीकडे जास्त लागलं, चित्र खरंच मधोमध नाही. सिनेमा लावला की त्याच्या कडा अजूनही जातात, कारण तो प्लेअर समास पाळत नाही.

पिक्चरट्यूब
त्याला `overscan_scale=1` आहे. पण सिनेमाच्या कडा गेल्या तर जाऊ द्या, आपण आयुष्यभर तसेच बघितले.

कोशकिडा
‘कडा खातो’ माझाच आहे, तरी लिखित टिपणात जरा बोलीतला वाटतो. ‘कडा झाकतो’ लिहाल का? टीव्ही काही नष्ट करत नाही, चौकटीमागे लपवतो.

माळावरची
‘झाकतो’वर काका म्हणाले, मग झाकण काढायचं का? ‘खातो’च ठेवलंय. समासाबद्दल त्यांनी एकच विचारलं, 20 म्हणजे किती बोटं. मी पट्टी लावून बघितलं. या टीव्हीवर माझ्या एका बोटात साधारण 30 ठिपके बसतात. टिपणात आता तेही लिहिलंय.