द्राक्षे, रस आणि बेदाणे

> फळातली साखर शेवटी साखरच ना? मग द्राक्षे खाल्ली काय, रस प्यायला काय किंवा बेदाणे खाल्ले काय, फरक तो कोणता?

रेणू तेच आहेत, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. फरक पडतो तो साखर किती वेगाने आणि किती प्रमाणात पोटात जाते यामुळे. शंभर ग्रॅम द्राक्षांत, म्हणजे साधारण वीस मण्यांत, सुमारे 16 ग्रॅम साखर असते. ती पेशींत कोंडलेली असते, चावायला वेळ लागतो आणि सोबतच्या पाण्याने पोटही भरते. गाळलेल्या रसात ही अडचण उरत नाही, त्यामुळे पेलाभर रसातून 35 ग्रॅमच्या आसपास साखर मिनिटभरात जाते आणि भूक मात्र तशीच राहते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत रसातली साखर मर्यादेत ठेवायच्या ‘मुक्त साखरे’त धरली, अख्ख्या फळातली धरली नाही, ती याच भेदामुळे.

बेदाण्यांचे प्रकरण मधले आहे. तंतू टिकतात, पण पाणी उडाल्याने साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तीस ग्रॅमच्या मुठीत 18 ते 20 ग्रॅम साखर येते आणि दुसरी मूठ (माझ्या अनुभवाने) नकळत उचलली जाते. मधुमेह असल्यास बेदाणे मोजूनच घ्यावेत. रस, घरी काढलेला असला तरी, टाळावा.