लळिंगच्या वाटेवर वेस्ट की बेल्ट?

कुरणवाट: दर रविवारी लळिंग कुरणातून धावत किल्ल्यावर चढून परत येतो. 16 किमी, साधारण सव्वादोन तास. वाटेत पाणी भरायची सोय नाही आणि टाक्यांचं पाणी तसंच पिणार नाही. पाणी न्यायला अंगात घालायची हायड्रेशन वेस्ट घेऊ की बाटली लावायचा कमरेचा बेल्ट? बेल्ट उड्या मारतो म्हणतात, वेस्टमध्ये उकडतं म्हणतात.

पट्टावाला: बेल्ट घ्या भो, डोकं लावू नका. धावताना कंबर खांद्यांएवढी झुलत नाही, वजन तिथेच बरं. पाठ मोकळी राहते. हलला तर एक घर आवळायचा, झालं. मी अर्ध्या लिटरची बाटली लावून तापीकाठी आरामात धावतो.

सातपुडा_सकाळ: अर्धा लिटर असेल तर तुमचं बरोबर आहे, भाऊ. पण इथे प्रश्न अर्ध्या लिटरचा नाहीच. कुरणवाट, आधी घाम मोजा. निघण्याआधी उघड्या अंगाने वजन करा, आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. समजा 62 चे 60.6 झाले आणि वाटेत 700 मिली प्यायलात, तर घाम गेला 2.1 लिटर, म्हणजे तासाला नऊशे मिलीच्या वर. तो सगळा धावतानाच भरून काढायचा नसतो, उगाच जास्त पिणंही घातक. तरी सव्वा लिटर जवळ हवंच.

आता सव्वा किलो कमरेवर बांधून लळिंग उतरून बघा. बेल्ट कमरेच्या हाडावर बसायला हवा, पण वजन वाढलं की तो पोटाच्या मऊ भागाकडे सरकतो. तिथे आवळला की श्वास अडतो, मळमळतं, आणि सैल सोडला की पाठीवर आपटतो. शिवाय कडक बाटलीतलं पाणी संपेल तशी आत हवा शिरते आणि उरलेलं पाणी प्रत्येक पावलाला खुळखुळतं. वेस्टचे मऊ फ्लास्क पाण्याबरोबर चपटे होतात, म्हणून हलणं कमी. पुढे 500 मिलीचे दोन, उरलेलं पाठीच्या पिशवीत.

बांधावरून: माझ्याकडे 20 लिटरची ट्रेकिंगची सॅक आहे, पाटणादेवीला नेतो. तीत पाण्याची पिशवी टाकली तर चालेल ना? आणि 5 लिटरच्या वेस्टमध्ये 5 लिटर पाणी घेऊन धावायचं? कमाल आहे!

सातपुडा_सकाळ: नाही हो, तो आकडा सगळ्या खिशांचा मिळून आहे. पाणी त्यातलं दीड-दोन लिटरच. सॅक चालायला ठीक, धावायला नाही. तिची जागा रिकामी राहते आणि पिशवी आत नाचते. पाठीची पिशवी कुठलीही असो, भरून तोंड बंद केल्यावर उलटी धरायची आणि नळीतून आतली हवा ओढून घ्यायची. खळखळ तिथेच थांबते.

यावलची_ताई: मापाचं कोणी बोललंच नाही! टी-शर्टचा साईझ बघून वेस्ट घेऊ नका. छातीचा घेर टेपने मोजून कंपनीच्या तक्त्याशी जुळवा, आणि फ्लास्क भरूनच घालून बघा, कारण रिकामी वेस्ट सगळ्यांनाच छान बसते. जागच्या जागी उड्या मारा. खालची कड फडफडली तर आधी बगलेचे पट्टे ओढा. पुढचेच आवळत गेलात तर बरगड्या दाबल्या जातात. पाणी संपत जाईल तसं पुढचे किंचित आवळावे लागतात, हे दुकानदार सांगत नाही. बायकांना पुरुषी मापाचे फ्लास्क नको तिथे टेकतात, मी बगलेजवळ खिसे असलेली घेतली.

पट्टावाला: ताई, पटलं. पण एप्रिलात इथे पारा 43 वर जातो, तेव्हा पाठीवर घट्ट कापड म्हणजे अंगावर गोधडीच. त्याचं काय?

सातपुडा_सकाळ: जाळीच्या पाठीची घेतली तरी पाठ ओली होतेच, ते खोटं नाही. मी एप्रिल-मेमध्ये उजाडायच्या आत परततो. पाठीची पिशवी काढून फक्त पुढचे दोन फ्लास्क ठेवले तर वारा लागतो, पण मग पाणी एकच लिटर.

पट्टावाला: म्हणजे उन्हाळ्यात पाणी जास्त लागतं तेव्हाच कमी न्यायचं! मना बेल्ट बरा शे.

कुरणवाट: घेर 91 भरला. तक्त्यात 91 दोन मापांच्या सीमेवर आहे, लहान घेऊ की मोठं?

यावलची_ताई: लहान घालून दीर्घ श्वास घ्या. छाती अडली नाही तर तेच, कारण भरलेल्या फ्लास्कांनी मोठं माप हमखास हलतं. गळ्याच्या हाडाशी शिवण घासते का तेही बघा, तिथे मीठ साचून चिरतं.

पट्टावाला: आणि किमती? चांगल्या वेस्टच्या पैशांत तीन बेल्ट येतात.