मदत हवी आहे: साखर बंद करून गूळ सुरू केला, तरी नणंदेचं हिमोग्लोबिन ८.६ वरच

हर्णैची_सून
नमस्कार मंडळी. आम्ही दापोली तालुक्यात, समुद्राला लागूनच राहतो. गेल्या गणपतीपासून घरात साखर पूर्ण बंद केली. चहा, खीर, घावनाबरोबरचा रस, सगळ्यात गूळ. दर महिन्याला घाटावरून आलेल्या कोल्हापुरी गुळाचे रवे आणतो.

कारणं दोन. सासूबाई ६६ वर्षांच्या, सात वर्षांपासून मधुमेह. कोणीतरी त्यांना सांगितलं की गूळ नैसर्गिक, त्याने रक्तातली साखर वाढत नाही. दुसरी माझी नणंद, वय ३४. तिचं हिमोग्लोबिन गेल्या वर्षी ९.१ होतं. उपकेंद्रातून लाल गोळ्या मिळाल्या होत्या, पण पोट बिघडतं आणि शौचाला काळं होतं म्हणून तिने बंद केल्या. गुळात लोह असतंच, असं म्हणून ती आता दिवसाला तीन कप गुळाचा चहा घेते आणि जेवणानंतर एक खडाही खाते. मागच्या आठवड्यात तपासलं तर ८.६. जिना चढताना दम लागतो तिला.

माझा प्रश्न एवढाच आहे: गुळातल्या खनिजांचा खरंच काही उपयोग होतो का, की आम्ही वर्षभर चुकीच्या भरवशावर राहिलो? मला तिची फार काळजी वाटते आहे.

नारळीबाग
ताई, गुळात लोह आहेच. आमच्या कॉलेजच्या पुस्तकात १०० ग्रॅमला ११.४ मिलीग्रॅम दिलं होतं, मला आकडा अजून पाठ आहे. साखरेत शून्य. मग गूळ चांगलाच झाला ना? शिवाय लोखंडी काहिलीत रस आटवतात, तिचं लोहही उतरतं. कदाचित तुमचा गूळ हायड्रो पावडर घातलेला पिवळाधमक असेल. काळा गूळ आणा, फरक पडेल.

वेंगुर्ल्याची_माई
माझ्या आवशीक पण डॉक्टरान ह्याच सांगितल्यान, साखर सोड नि गूळ खा म्हणान. आमच्याकडचो माडाचो गूळ तर काळोकुट्ट. माका विचारूचा आसा, पावसाळ्यात गुळाक पाणी सुटता, तो खाल्लो तर चालात काय?

आहार_तपासनीस
मी २० वर्षं सरकारी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं, शेवटची काही वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात. आधी माईंना: पाणी सुटतं ते आपल्या हवेतल्या ओलाव्यामुळे. गुळातली काही साखर फुटलेली असते आणि ती पाणी ओढते. बुरशी किंवा आंबूस वास नसेल तर चालतो. बरणीचं झाकण घट्ट हवं.

आता मूळ प्रश्न. नारळीबाग, तुमचा ११.४ चा आकडा राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यातला आहे आणि तो छापलेला होता हे खरं. पण त्याच संस्थेने नंतर तपासून दिलेला आकडा २.६४ आहे, आणि २०१७ च्या राष्ट्रीय तक्त्यात तो साधारण साडेचार आहे. एवढा फरक पडतो तो तुम्ही म्हणता त्याच कारणाने. काहिलीचा गंज, माती, राख हे सगळं मोजणीत लोह म्हणून धरलं जातं. त्यातलं शरीराला किती मिळतं, हे तक्ता सांगत नाही.

सूनबाई, आपण तुमच्या नणंदेचाच हिशेब करू. नणंद नेमका किती गूळ खाते?

हर्णैची_सून
चमच्याने घालते, वजन कधी केलं नव्हतं. आत्ता स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघितलं. एका कपाला ती घालते तेवढा गूळ १४ ग्रॅम भरला. जेवणानंतरचा खडा साधारण २० ग्रॅम. म्हणजे दिवसाला ६० च्या आसपास. आणि एक गोष्ट मला आजच कळली, आधी साखर होती तेव्हा कपाला ९ ग्रॅम घालत होतो.

आहार_तपासनीस
ही तोलायची गोष्ट फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे परत येतो.

६० ग्रॅम गुळात, मधला आकडा धरला तर, पावणेतीन मिलीग्रॅम लोह आलं. प्रौढ स्त्रीची रोजची शिफारस २९ मिलीग्रॅमची आहे. म्हणजे दहावा हिस्साही नाही. पण खरी अडचण पुढे आहे. हे वनस्पतीचं लोह, त्यातलं थोडंच शोषलं जातं, आणि ती ते चहातच घेते. चहातले तुरट घटक लोहाला बांधून ठेवतात. लोह पोटात जायला चहाइतकी वाईट सोबत क्वचितच असेल. पाच टक्के शोषलं जातं असं मोठ्या मनाने धरू. रोजचे ०.१४ मिलीग्रॅम झाले, महिन्याला चार.

आता खर्चाची बाजू. तिची पाळी किती दिवस चालते, गाठी पडतात का, दर दोन तासांनी कापड बदलावं लागतं का, हे तिला विचारा. महिन्याला ८० मिली रक्त गेलं, तर ती जास्त रक्तस्रावाची हद्द समजतात. ८.६ हिमोग्लोबिन असलेल्या रक्तात मिलीमागे साधारण ०.३ मिलीग्रॅम लोह असतं. म्हणजे महिन्याला २४ मिलीग्रॅम नुसते वाहून जातात, शिवाय रोजची किरकोळ झीज वेगळीच. गूळ भरून देतो चार. म्हणून वर्षभर गूळ खाऊनही आकडा खालीच गेला.

उपकेंद्राच्या लाल गोळीत ६० मिलीग्रॅम लोह असतं. रक्त कमी असलेलं शरीर त्यातलं जास्त ओढून घेतं. दहा टक्के धरले तरी एका गोळीतून सहा मिलीग्रॅम. तिच्या महिन्याभराच्या गुळापेक्षा एक गोळी जास्त देते.

नारळीबाग
हिशेब पटला. जुना आकडा मी आजवर कितीतरी जणांना सांगितला असेल. पण मग आपल्याकडे बाळंतिणीला आळिवाचे लाडू देतात, त्यात गूळ घालतातच की. ते फुकट का?

आहार_तपासनीस
फुकट अजिबात नाहीत. त्या लाडवात लोह येतं ते मुख्यतः आळिवातून. आळिवाच्या लोहाचे आकडेही तक्त्यागणिक बदलतात, जुन्यात तर १०० ग्रॅमला १०० मिलीग्रॅम दिलं होतं, नव्यात बरंच कमी आहे. पण कुठलाही तक्ता घेतला तरी आळीव गुळाच्या पुढेच आहे. गूळ तिथे आळीव बांधायला आणि गोडीला असतो. श्रेय मात्र त्याला मिळून गेलं. तसंच तिसऱ्यांचं. ज्यांना चालतात त्यांनी ओहोटीला मिळणाऱ्या तिसऱ्या किंवा शिनाणे खावेत. मांस-मासळीतलं लोह शरीर सहज घेतं आणि सोबतच्या भाजीतलं लोहही थोडं जास्त ओढलं जातं.

हर्णैची_सून
तिला विचारलं. पाळी आठ दिवस चालते, गाठी पडतात. तिला ते नेहमीचंच वाटत होतं, म्हणून कधी बोलली नाही. ऐकून मला वाईट वाटलं. मासे ती खाते, पण जेवण झालं की लगेच चहा. गोळ्यांनी पोट बिघडतं, त्याचं काय करायचं?

आहार_तपासनीस
शौचाला काळं होणं हे गोळीतलं न शोषलेलं लोह आहे, त्याने घाबरू नये. पण डांबरासारखं चिकट आणि फार दुर्गंधीचं असेल, तर रक्त असू शकतं, ते दाखवायलाच हवं. पोट दुखत असेल तर गोळी जेवणाबरोबर घेतात, शोषण थोडं कमी होतं पण गोळी सुटत नाही. एक दिवसाआड दिल्यानेही अनेकांना सोसते, आणि त्यात दर गोळीमागे शोषण बरं होतं. कसं घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. चहा गोळीपासून तासभर तरी लांब. लिंबूपाणी किंवा पेरू सोबत चालेल. कॅल्शियमची गोळी एकाच वेळी नको.

आणि गोळ्यांआधी किंवा सोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, आणि पूर्ण रक्तगणना करून घ्या. फेरिटिन कमी असेल तर लोहाची कमतरता पक्की. फेरिटिन ठीक आणि पेशी मात्र बारीक, असं आलं तर थॅलेसेमियाचा वाहकपणा आहे का ते बघतात, आणि मग लोह देऊन उपयोग नाही. गाठींसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गळतं भांडं भरत राहून भागणार नाही.

सागरकिनारा
माझा थोडा वेगळा अनुभव. मला ॲसिडिटी होती, गुळाच्या चहाने ती गेली. म्हणजे गुळात काहीतरी आहेच. फक्त लोहावरून त्याला खाली का पाडायचं? मी तर मधुमेह असूनही बिनधास्त खातो.

आहार_तपासनीस
तुम्हाला बरं वाटलं ते खरं असेल. पण मधुमेहासाठी गूळ साखरच आहे. १० ग्रॅम गुळात साडेआठ-नऊ ग्रॅम साखर, आणि ३५ ते ३८ कॅलरी. साखरेत ४०. म्हणून मी सूनबाईंच्या १४ आणि ९ ग्रॅमवर थांबलो होतो. गूळ कमी गोड लागतो आणि चांगला समजला जातो, म्हणून हात सैल सुटतो. १४ ग्रॅम गुळात १२ ग्रॅम साखर आहे. म्हणजे साखर सोडून कपामागे तीन ग्रॅम साखर वाढली. सासूबाईंकडे ग्लुकोमीटर असेल, तर एक दिवस सकाळी उपाशी मोजा, नुसता गुळाचा चहा द्या, तासाने मोजा. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच चवीचा साखरेचा. गोळ्या आणि वेळा त्याच ठेवा. यंत्रात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक चालतो, म्हणून एकाच दिवसावर निकाल लावू नका.

हर्णैची_सून
चार दिवस केलं, दोन दोन वेळा.
गूळ: १३२ वरून १७९, १२८ वरून १७२.
साखर: १३० वरून १६६, १३५ वरून १६९.
सासूबाई स्वतः आकडे लिहीत होत्या. पहिल्या दिवशी यंत्र बिघडलंय म्हणाल्या, तिसऱ्या दिवशी गप्प झाल्या.

नारळीबाग
पण काळ्या गुळात ते अँटिऑक्सिडंट वगैरे जास्त असतात म्हणे, त्याचा काही फायदा?

आहार_तपासनीस
काळ्या गुळात फिनॉलिक घटक जास्त सापडतात हे प्रयोगशाळेत दिसतं. रोज दहा ग्रॅम खाऊन माणसाच्या आरोग्यात काय बदल होतो, ते त्यावरून ठरवता येत नाही. हायड्रो न वापरलेला गूळ घ्यावा याच्याशी मी सहमत आहे, पण ते हायड्रोमधलं गंधक टाळण्यासाठी. लोहासाठी नव्हे. मोदकाच्या सारणाला गूळच हवा, साखरेने ती चव येत नाही. तो चवीसाठी ठेवा.

हर्णैची_सून
फेरिटिन ६ आलं, म्हणजे फारच कमी. गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत, एक दिवसाआड, रात्री जेवणाबरोबर. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ पुढच्या मंगळवारची आहे, सोनोग्राफी करायला सांगितली आहे. सासूबाई चहा आता निम्म्या गुळाचा घेतात, पूर्ण बिनगोड करायला तयार नाहीत. हिमोग्लोबिन महिन्याने परत तपासू, तेव्हा इथेच लिहीन.