मांडूच्या फोटोखाली काय लिहावं?

अनुजा (इंदूर): आईचा मांडूचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचाय. जहाज महालाची गच्ची, आईच्या हातात उलटलेली लाल छत्री, मागे तलाव. मी लिहिलंय: "निसर्गाच्या कुशीत, राणी रूपमतीच्या महालात, काही अविस्मरणीय क्षण." बहीण म्हणते, तू अशी बोलतच नाहीस. काय बदलू?

शिरीष: आधी रूपमती काढा. तिचा मंडप वेगळा, दक्षिणेच्या कड्यावर, जिथून नर्मदा दिसते. जहाज महाल गियासुद्दीन खिलजीच्या काळातला मानतात, म्हणजे रूपमतीच्या बराच आधीचा.
आता भाषा. तुमची ओळ पचमढीच्या फोटोखालीही चालेल, हाच तिचा दोष. बघणाऱ्याची नजर आधी छत्रीवर जाणार. छत्री दिसतेच, वारा दिसत नाही. मग वारा लिहा: "जहाज महालावर वारा असा सुटला की छत्रीचंच शीड झालं."

नीलेश: वाक्य छान आहे, पण ते शिरीषभाऊंचं आहे. अनुजा, हाच फोटो बहिणीला पाठवताना तू काय लिहिलं होतंस? ते जसंच्या तसं इथे टाक.

वर्षाताई: मला दोघांचंही पटत नाही. कोण, कुठे, कोणत्या साली, हे आधी हवं. लोकेशन लावलंय म्हणाल, पण फोटो सेव्ह होऊन घरच्या ग्रुपवर फिरला की ते मागेच राहतं. दहा वर्षांनी गंमत कळेल, गाव कळणार नाही.

शिरीष: ताई, तपशील हवाच, पण खाली. फीडमध्ये सुरुवातीच्या ओळी-दोन ओळीच दिसतात, पुढचं more दाबल्यावर. तिथे साल-स्थळ आलं तर आई दिसायच्या आत माणूस पुढे सरकतो. मर्यादा २,२०० अक्षरांची आहे, खाली जागा भरपूर. तलावाचं नाव मात्र बघून लिहा. महाल मुंज आणि कपूर या दोन तलावांमध्ये आहे. काठ दगडांनी बांधलेला दिसत असेल तर तो कपूर.

मेधा: आमच्या काकांना दिसत नाही, फोन त्यांना वाचून दाखवतो. म्हणून मी कॅप्शनमध्येच सगळं लिहिते: लाल छत्री, हिरवे डोंगर, कोण कुठे उभं.

नीलेश: त्यासाठी वेगळा रकाना आहे, मेधाताई. पोस्ट करताना सेटिंगमध्ये Alt text मिळेल. "गच्चीवर उभी बाई, हातात उलटलेली लाल छत्री, मागे तलाव", असं सरळ वर्णन तिथे. काकांना ते ऐकू येईल आणि कॅप्शन मोकळं राहील.

अनुजा: बहिणीला लिहिलं होतं: "छत्री उलटली तरी आई सोडेना. म्हणे, दीडशेची आहे!"

नीलेश: झालं. एक अक्षर बदलू नकोस. खाली एक ओळ सोडून: जहाज महाल, मांडू, आणि साल.

वर्षाताई: साल आलं, बरं झालं. पण दीडशेचं आईला विचारलंस का? सगळे नातेवाईक वाचणार आहेत.

शिरीष: दीडशे काढलं तर वाक्यात राहतं काय?

वर्षाताई: फोटो आईचा आहे, तिला ठरवू दे.