मित्रांपुरता माइनक्राफ्ट सर्व्हर: घरी ठेवलात की भाड्याने घेतलात?

खडीसाखर: आम्ही सहा जण. चौघे पुण्यात, एक नाशिकला, एक म्युनिकला. शनिवार-रविवार मिळून आठेक तास माइनक्राफ्ट, जावावालं. आत्तापर्यंत माझ्याच लॅपटॉपवरून चालायचं, मी झोपले की सगळ्यांचा खेळ बंद. आता कायम चालू राहणारा सर्व्हर हवाय. घरात जुना लॅपटॉप पडून आहे. तो लावू की मुंबईतली मशीन भाड्याने घेऊ? तुम्ही काय केलंत, खर्च किती आला, पिंग किती, तेवढं सांगा.

तळघर: दोन वर्षं घरीच चालवतोय. प्लगला मीटर लावून मोजलंय: लॅपटॉप रिकामा असताना 14 वॅट, खेळ रंगला की 30. सरासरी 20 धरली तर महिन्याला साधारण 15 युनिट, म्हणजे माझ्याकडे दीडशे रुपये. त्याआधी डेस्कटॉप होता. तो 90 वॅट खायचा, 65 युनिट झाले आणि बिल वरच्या स्लॅबमध्ये गेलं ते वेगळंच. लॅपटॉपची बॅटरी हाच यूपीएस. फक्त राउटर इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर वीज गेली की सर्व्हर जिवंत आणि माणसं बाहेर.

पिंग पुण्यात 8-10 मिलिसेकंद, नाशिकला 15च्या आसपास.

माझे पहिले तीन दिवस मात्र वाया गेले. 25565 पोर्ट उघडला, तरी बाहेरून कोणी आत येईना. राउटरच्या पानावर WAN पत्ता 100.72 ने सुरू होत होता आणि बाहेरच्या साइटवर दिसणारा पत्ता भलताच. पत्ता 100.64 ते 100.127 मधला दिसला की समजा, कंपनीने एकच पत्ता अनेक घरांना वाटलाय, तुमचा पोर्ट तुमच्या हातात नाही. मग एकतर दरमहा जादा पैसे भरून स्थिर पत्ता घ्या, नाहीतर सगळ्यांनी Tailscale टाका, त्याने सगळ्यांची मशीन एकाच खाजगी नेटवर्कमध्ये येतात. आम्ही दुसरं केलं. एका मित्राचा पिंग मात्र 60 च्या खाली येईना. त्याच्याकडून तपासलं:

```
tailscale ping survar
pong from survar via DERP(blr) in 61ms
```

पुण्यातून पुण्यात यायला त्याची वाट बंगळूरवरून. त्याच्या राउटरमध्ये UPnP चालू केल्यावर थेट जोडणी झाली.

झोपाळू: एवढी भानगड कशाला? मी 300 Mbps चा प्लॅन घेतला, लॅग गायब.

तळघर: गायब झाला असेल, पण खेळाला एवढा वेग लागतो म्हणून नाही. सहा जणांच्या खेळाला काही Mbps पुरतात. आमच्याकडे रात्री नऊला बायकोच्या फोनचे फोटो वर चढायला लागले की पिंग 12 वरून 400 व्हायचा. अपलोडची नळी तुंबायची. तुझी नळी मोठी झाली, एवढंच. मी बॅकअप पहाटे तीनला लावला, फुकटात काम झालं.

वांगीभात: माझ्याकडे ग्राफिक कार्ड नाहीये. भाड्याच्या मशीनवर नवीन गेम चालतील का?

खडीसाखर: अहो, तो विषय वेगळा. इथे फक्त सर्व्हर.

रात्रपाळी: मी मुंबईत मशीन घेतली. 4 जीबी, दोन सीपीयू, महिन्याला दोन हजार रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी. पिंग सगळ्यांना 6 ते 12, पत्ता पक्का, विजेची चिंता नाही. पण दोन गोष्टी नडल्या.

सोमवार ते शुक्रवार मशीन आतून बंद करून ठेवायचो, म्हटलं पैसे वाचतील. महिनाअखेर बिल पूर्ण. बंद मशीनचंही भाडं चालू होतं. आता रविवारी रात्री स्नॅपशॉट घेऊन मशीन पुसतो, शनिवारी परत उभी करतो. तासाला पावणेतीन रुपये, एका शनिवार-रविवारच्या पस्तीस तासांचे जवळपास शंभर, स्नॅपशॉटचे थोडे वेगळे. बुधवारी कुणाला खेळायचं असेल तर मला उठवावं लागतं, हा भाग राहिलाच.

दुसरं म्हणजे, पिंग 8 असूनही फोडलेले दगड परत उगवायचे. कन्सोलमध्ये हे:

```
Can't keep up! Is the server overloaded?
```

सर्व्हरला दर 50 मिलिसेकंदांत जगाचा एक टप्पा उरकावा लागतो, आणि ते काम मुख्यतः एकाच कोरवर पडतं. भाड्याचा सीपीयू शेजाऱ्यांबरोबर वाटलेला. `view-distance` 10 वरून 6 केलं, तेव्हा निभावलं. खरं सांगू, माझा जुना i5 यापेक्षा बरा चालायचा.

डोंगरवाट: आमच्या टोळीतला लांबचा मी, जर्मनीत. मुंबईच्या सर्व्हरला 140. खाणकाम, बांधकाम मजेत होतं, सांगाड्यांचे बाण चुकवणं जमत नाही. फ्रँकफर्टला हलवलं तर मी खूश आणि बाकीचे पाच माझ्या जागी.

खडीसाखर: म्हणजे लॅपटॉपच लावते. आधी राउटरवर 100 दिसतंय का बघते. म्युनिकवाला म्हणतोय, मधोमध दुबईत मशीन घेऊया.

रात्रपाळी: नकाशावर मधोमध असलं तरी केबल तिथूनच जाईल असं नाही. तासाभरासाठी घ्या, दोन्हीकडून `ping` मारा, मग पुसा. पाच रुपयेही जाणार नाहीत.

खडीसाखर: शनिवारी करून बघते. आधी कुणी केलं असेल तर आकडे टाका.